गोठणारे पाणी, फुटणारी नळी: दाबाचा उगम शोधणाऱ्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर

आजपासून या प्रकल्पाच्या नोंदी सुरू करत आहे. कडक थंडीत पाण्याच्या नळ्या फुटतात आणि काठोकाठ भरून घट्ट बंद केलेली काचेची बाटली गोठवली की तडकते, याचे प्रचलित उत्तर एका वाक्यात दिले जाते: पाणी गोठताना प्रसरण पावते, म्हणून बर्फ भिंतींना बाहेर ढकलतो. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु त्यातून दोन महत्त्वाचे प्रश्न सुटत नाहीत. पहिला प्रश्न असा, की तांबे किंवा पोलाद फाडण्याइतके बळ पाण्याच्या रेणूंकडे येते कोठून, आणि त्या बळाला काही मर्यादा आहे का. दुसरा प्रश्न प्रत्यक्ष पाहणीतून आलेला आहे. फुटलेल्या नळीची चीर पुष्कळदा बर्फ जमला त्या जागी नसते, तर तिथून दूर, कधीकधी उबदार खोलीतल्या भागात सापडते. बर्फच भिंतीला ढकलत असेल, तर जिथे बर्फ कधी नव्हताच तिथे नळी का फाटावी?

हे दोन्ही प्रश्न एकाच मांडणीतून तपासायचे ठरवले आहे. आधी बाटली, कारण ती सोपी आहे. मग तांब्याची नळी, जिच्यात दाब आणि तापमान दोन्ही एकाच वेळी मोजता येतील.

आरंभीचे आकडे येथेच नोंदवतो. ०° सेल्सिअसला एक ग्रॅम पाण्याचे आकारमान जवळजवळ बरोबर १ घन सेंटिमीटर असते आणि त्याच तापमानाच्या एक ग्रॅम बर्फाचे सुमारे १.०९ घन सेंटिमीटर. म्हणजे वाढ ९ टक्क्यांची आहे. ४° पासून ०° पर्यंत पाणी जे प्रसरण पावते, ज्याला आपण पाण्याचे असंगत आचरण म्हणून शाळेत शिकतो, ती वाढ एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे. नळ्या फुटण्याशी तिचा संबंध जवळपास नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवणे आवश्यक वाटते, कारण अनेक लिखाणांत या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या आढळतात.

६ डिसेंबर

बाटलीचा प्रयोग केला. एक लिटरची साधी काचेची बाटली, उकळून हवा काढलेले आणि नंतर ४° पर्यंत थंड केलेले पाणी, आणि वर घट्ट फिरकीचे झाकण, अशी मांडणी होती. पाणी ४° ला भरण्याचे कारण असे, की खोलीच्या तापमानाला काठोकाठ भरलेले पाणी थंड होताना आधी आकसते आणि बाटलीत लिटरमागे जवळपास दोन मिलिलिटरची पोकळी उरते. ती पोकळी पुढच्या हिशोबात अडचण करते. बाटलीच्या मध्यापर्यंत झाकणातून तापमान मोजणारे थर्मोकपल सोडले, संपूर्ण बाटली जाड कापडी पिशवीत घालून पिशवी झाकणाच्या बादलीत ठेवली आणि ती −१०° ला स्थिर केलेल्या शीतपेटीत ठेवली. तडकलेल्या काचेचे तुकडे उडू शकतात, म्हणून पिशवी आणि बादली दोन्ही आवश्यक आहेत.

अपेक्षा अशी होती की ०° ला बर्फ जमायला लागेल आणि बराचसा बर्फ झाल्यावर बाटली तडकेल. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान ०° च्या खाली गेले आणि घसरतच राहिले, तरी बर्फाचा कण दिसला नाही. स्वच्छ आणि न हलवलेल्या पाण्यात पहिला स्फटिक जुळून येण्यासाठी काहीतरी आधार लागतो. तो मिळेपर्यंत पाणी अतिशीत अवस्थेत द्रवच राहते. −५° च्या जवळ तापमापकाचा आकडा एकदम शून्याकडे उसळला आणि त्याच क्षणी पिशवीतून तडकल्याचा आवाज आला. उघडून पाहिले तेव्हा बाटली उभी चिरलेली होती, परंतु आतले पाणी बहुतांशी पाणीच होते. त्यात पातळ पत्र्यांसारखे बर्फाचे पापुद्रे सर्वत्र पसरलेले होते, एवढेच.

मला हे निरीक्षण फार महत्त्वाचे वाटते. बाटली गोठून फुटली असे आपण म्हणतो, परंतु फुटण्याच्या क्षणी ती गोठलेली नव्हती.

७ डिसेंबर

कालच्या निरीक्षणाचा हिशोब मांडला. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करण्यासाठी ४.२ जूल उष्णता काढावी लागते आणि ०° चे एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ जूल उष्णता बाहेर टाकते. हाच वितळण्याचा अप्रकट उष्मा. पाणी −५° पर्यंत अतिशीत झाले असेल, तर पहिला स्फटिक जुळताच गोठण्याची क्रिया सर्वत्र धावते आणि तिच्यातून निघालेली उष्णता उरलेल्या पाण्याला पुन्हा शून्याजवळ आणते. त्या टप्प्यावर गोठणे थांबते. म्हणून एका झटक्यात गोठणारा वाटा ५ गुणिले ४.२ भागिले ३३४, म्हणजे सुमारे ६ टक्के येतो. एका लिटरमध्ये ६० ग्रॅमपेक्षा थोडे अधिक पाणी बर्फ झाले आणि त्याने सुमारे साडेपाच मिलिलिटर जादा जागा मागितली.

आता बाटली किती जागा देऊ शकते ते पाहू. काचेचे व्यवहारातले बळ तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओरखड्यांवर ठरते. ते ४० मेगापास्कल धरतो. (एक मेगापास्कल म्हणजे साधारण दहा वातावरणांचा दाब.) ७० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची बाटली एवढा ताण गाठते तो आतला दाब सुमारे ३.४ मेगापास्कल झाल्यावर. तेवढ्या दाबाने एक लिटर पाणी दबते ते जेमतेम १.७ मिलिलिटर आणि काच फुगते ती सुमारे १ मिलिलिटर. म्हणजे तीनएक मिलिलिटर जागेची मागणी झाली की बाटली संपली. त्यासाठी एकूण पाण्यापैकी फक्त ३ टक्के बर्फ पुरतो. काल एका क्षणात ६ टक्के तयार झाला.

येथून पहिला धडा मिळाला तो बळाबद्दल नाही, तर पाण्याच्या ताठरपणाबद्दल आहे. पाणी दबायला अत्यंत नाखूश असते. एक टक्का दाबायचे तर २० मेगापास्कल लागतात. बर्फाचे काही पापुद्रे थोडीशी जागा मागतात, आणि त्यांची मागणी उरलेले द्रव पाणी पात्राच्या प्रत्येक बिंदूपर्यंत सारख्याच दाबाने पोहोचवते. भिंतीवर दाब देणारे पाणी आहे. बर्फ त्या पाण्याला कोंडतो.

११ डिसेंबर

आज प्रयोग नाही, फक्त विचार. हे बळ येते कोठून?

रेणूंच्या पातळीवरचे चित्र असे आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो, आणि हे चार शेजारी चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांच्या दिशांना ठरावीक अंतरावर, सुमारे ०.२८ नॅनोमीटरवर, उभे असतात. या जोडणीतून सहा-सहा रेणूंची कडी असलेली पोकळ जाळी उभी राहते. द्रव पाण्यात हेच बंध सतत तुटत आणि जुळत असतात, त्यांच्या दिशा वाकड्या होतात आणि काही रेणू जाळीच्या पोकळीत शिरून बसतात, म्हणून द्रव अधिक दाट असतो. गोठताना हे घुसखोर रेणू पोकळीतून बाहेर काढले जातात आणि प्रत्येकाला आपल्या जागी बसवले जाते. जादा जागा लागते ती यासाठी.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. रेणूंना ही जागा हवी आहे हे खरे, पण ती मिळवण्यासाठी ते किती जोर लावू शकतात, हे बंधांच्या चित्रावरून ठरत नाही. प्रत्येक ग्रॅममागे ३३४ जूल बाहेर पडतात म्हणून ते सगळे काम करण्यासाठी उपलब्ध आहेत, असा समज सहज होऊ शकतो आणि तो चुकीचा आहे. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात भोवतालात जाते. कामासाठी त्यातला किती वाटा वापरता येतो, हे पाणी शून्याच्या किती खाली गोठते त्यावर ठरते.

हा मुद्दा सर्वात आधी स्वच्छ मांडला तो जेम्स थॉमसन यांनी, १८४९ मध्ये. त्यांचा युक्तिवाद मला अजूनही विस्मयकारक वाटतो, म्हणून तो सविस्तर लिहितो. समजा एका नळकांड्यात ०° चे पाणी आहे आणि वर दट्ट्यावर जड वजन ठेवले आहे. पाण्यातली उष्णता काढून, ०° च्याच दुसऱ्या पात्रातल्या बर्फाला ती दिली, तर पाणी गोठेल, प्रसरण पावेल आणि वजन उचलेल. मग वजन काढून घ्यायचे, उष्णता परत आणून बर्फ वितळवायचा आणि पुन्हा तेच करायचे. सगळे व्यवहार ०° ला झाले, तापमानाचा कोणताही फरक खर्च झाला नाही, तरी प्रत्येक फेरीत वजन उचलले गेले. असे यंत्र तर फुकट काम देईल, आणि ते अशक्य आहे. तेव्हा एकच वाट उरते: वजनाखाली दाबलेले पाणी ०° ला गोठतच नसले पाहिजे. त्याचा गोठणबिंदू खाली सरकला पाहिजे, आणि तो नेमका इतका की, उचललेल्या वजनाचा हिशोब तापमानाच्या फरकातून चुकता होईल. त्यांनी काढलेले उत्तर होते, प्रत्येक वातावरणाच्या दाबामागे ०.००७५ अंश. पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हे प्रयोगाने पडताळले.

हेच विधान उलट वाचले की आपला प्रश्न सुटतो. एक अंशाची घट १३३ वातावरणांशी, म्हणजे सुमारे १३.५ मेगापास्कलशी जोडलेली आहे. पात्र −१° वर असेल, तर पाणी १३.५ मेगापास्कलचा विरोध मोडून गोठू शकते. त्याहून एक कणही जास्त नाही. बरोबर ०° ला बंद पात्रातले पाणी काहीच जोर लावू शकत नाही. बळ बर्फाच्या अंगी साठवलेले नसते; भोवतालच्या थंडीने ते पुरवलेले असते.

१२ डिसेंबर

कालचाच हिशोब ऊर्जेच्या बाजूने करून पाहिला, कारण दोन वाटांनी एकच उत्तर आले तर त्यावर विश्वास ठेवता येतो. −१०° ला गोठणाऱ्या एका ग्रॅम पाण्याच्या ३३४ जूलपैकी कामासाठी उपलब्ध वाटा ३३४ गुणिले १० भागिले २७३, म्हणजे सुमारे १२ जूल आहे. हे १२ जूल ०.०९ घन सेंटिमीटर जागा मिळवण्यासाठी खर्च करायचे आहेत. भागाकार केला की १३० मेगापास्कलच्या वर उत्तर येते, आणि दर अंशाला १३.५ मेगापास्कल हाच आकडा पुन्हा हाती लागतो.

प्रत्यक्ष मोजमाप यापेक्षा थोडे कमी आहे. बर्फ आणि पाणी −५° ला समतोलात राहतात तो दाब सुमारे ६० मेगापास्कल आणि −१०° चा सुमारे ११० मेगापास्कल आहे. कारण असे, की वाढत्या दाबाखाली पाणी बर्फापेक्षा अधिक दबते, म्हणून गोठताना मागितली जाणारी जादा जागा वाढते, आणि उपलब्ध ऊर्जा मोठ्या जागेवर वाटली जाते. हा उतार सुमारे −२२° आणि २१० मेगापास्कलपर्यंत चालू राहतो आणि तेथे थांबतो. त्या दाबापलीकडे पाणी नेहमीचा बर्फ बनतच नाही. तो तिसऱ्या प्रकारचा बर्फ बनतो, जो पाण्यापेक्षा दाट असतो आणि गोठताना आकसतो. दाबाखालचे हे वेगवेगळे बर्फ टामान यांनी १९०० च्या सुमारास शोधले आणि ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये त्यांच्या सीमा काळजीपूर्वक मोजल्या. म्हणून गोठणाऱ्या पाण्याचे बळ अमर्याद आहे, हे विधान कोठेही लिहू नये. त्याला छत आहे, सुमारे २१० मेगापास्कलचे.

एका सहकाऱ्यांनी विचारले, की मग पुरेसे जाड पोलादी पात्र असेल तर आत काय होईल? ते फुटणार नाही, हे उत्तर पुरेसे नाही. −५° ला ठेवलेल्या अशा पात्रात पाण्याचा सुमारे चौथा भाग गोठेल, दाब ६० मेगापास्कलपर्यंत चढेल आणि तेथे गोठणे थांबेल. उरलेले तीन भाग पाणी −५° ला कायम द्रव राहील, कारण त्या दाबाखाली तोच त्याचा गोठणबिंदू आहे. पात्र जिंकते तेव्हा बर्फ हरून भिंतीपाशी दबून बसत नाही, त्याचे तयार होणेच थांबते.

३ जानेवारी

तांब्याच्या नळीची मांडणी आज पूर्ण झाली. नळी १५ मिलिमीटर बाह्य व्यासाची, ०.७ मिलिमीटर जाडीची, अर्धकठीण तांब्याची आहे. तिचा दोन मीटरचा भाग −१०° च्या शीतपेटीतून जातो. एका बाजूला ती ०.३ मेगापास्कल दाबाच्या पाणीसाठ्याला जोडली आहे, जसे घरातले नळ मुख्य वाहिनीला जोडलेले असतात. दुसऱ्या बाजूला पेटीच्या बाहेर, खोलीच्या तापमानात, एक मीटर नळी आहे आणि तिच्या टोकाला बंद झडप व दाबमापक. पेटीत साठ्याच्या बाजूचे टोक पंख्याच्या थेट झोतात ठेवले आहे, जेणेकरून तेथे आधी पूर्ण बर्फ जमावा. पेटीच्या आत नळीच्या मध्यरेषेवर पोलादी आवरणातले बारीक थर्मोकपल बसवले आहे.

सांधे मऊ झाळणीने जोडले आहेत. ब्रेझिंग, म्हणजे खूप जास्त तापमानाची कठीण झाळणी, टाळले, कारण त्याच्या उष्णतेने सांध्याजवळचे तांबे नरम पडते आणि नळी नेहमी तेथेच फुगते. मग फुटण्याच्या जागेवरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. नळीतली सर्व हवा काढून टाकण्यासाठी पाणी बराच वेळ वाहू दिले.

प्रयोगाआधी भाकीत लिहून ठेवतो. या तांब्याचे तन्य बळ, म्हणजे ताणून फाटेपर्यंत ते सोसते तो ताण, २५० मेगापास्कलच्या जवळ आहे. पातळ भिंतीच्या नळीत परिघाच्या दिशेचा ताण हा दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी एवढा असतो. त्यावरून फुटण्याचा दाब सुमारे २४ मेगापास्कल येतो. तेवढा दाब गाठायला पेटी फक्त −१.८° वर असली तरी तत्त्वतः पुरे आहे.

५ जानेवारी

आज नळी फुटली. क्रम जसा घडला तसा लिहितो.

पाणी −४° च्या थोडे खाली जाईपर्यंत काहीच झाले नाही. मग तापमान शून्यावर उसळले, म्हणजे नळीभर बर्फाची बारीक पाती पसरली. दाबमापक मात्र ०.३ मेगापास्कलवरून हलला नाही. वाढलेल्या आकारमानाएवढे पाणी मुकाट्याने साठ्याकडे परत गेले. नंतरचा बराच काळ बर्फ भिंतीपासून आत, कंकणासारखा जाड होत गेला; मध्ये पाण्याची वाट उघडी होती, तोवर दाब तसाच राहिला. हा टप्पा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भिंतीला चिकटलेला बर्फ भरपूर होता, परंतु नळीवर कोणताही जादा भार नव्हता, कारण बर्फ आतल्या बाजूला वाढत होता आणि पाण्याला पळायला जागा होती.

मग पंख्याखालचे टोक पूर्ण बंद झाले. तेथे बर्फाचे बूच तयार झाले, आणि बूच ते झडप एवढ्या भागात सुमारे ४०० मिलिलिटर पाणी आणि बर्फ कोंडला गेला. दाबमापकाचा काटा त्यानंतर चढू लागला आणि थांबला नाही.

याच वेळी थर्मोकपलने जे दाखवले, त्यासाठीच खरे तर ही सगळी मांडणी होती. आतापर्यंत बर्फ-पाण्याच्या मिश्रणाचे तापमान ०° वर खिळलेले होते. दाब चढू लागताच ते खाली घसरू लागले: दाब १५ मेगापास्कल असताना −१.१°, आणि २० मेगापास्कलला −१.५°. जेम्स थॉमसन यांनी कागदावर मांडलेली रेषा डोळ्यांसमोर उतरत होती. नळीतला गोठणबिंदू खाली सरकत होता, तरी पेटी −१०° वर असल्याने थंडीकडे अजून पुष्कळ पैसा शिल्लक होता.

२२ मेगापास्कलच्या आसपास दबका आवाज झाला आणि दाब एकदम कोसळला. तापमान त्याच क्षणी −१.६° वरून ०° वर आले, कारण दाब गेल्यावर तेच पाणी अतिशीत ठरले आणि त्यातला आणखी थोडा वाटा ताबडतोब गोठला.

चीर पेटीच्या बाहेर होती, खोलीच्या तापमानातल्या नळीवर, जिथे बर्फ कधीच नव्हता.

६ जानेवारी

चिरेची तपासणी. ती नळीच्या लांबीच्या दिशेने आहे, काही सेंटिमीटर लांब, मध्ये उघडलेली आणि ओठांपाशी तांबे पातळ झालेले. आजूबाजूला नळी फुगलेली आहे. दाबाखालच्या नळीत परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून ती आडवी तुटत नाही, उभी फाटते. हीच ओळखीची खूण मानावी. आडवी चीर किंवा निखळलेला सांधा दिसला तर आधी धक्का, वाकणे किंवा सदोष झाळणी यांचा संशय घ्यावा. टोकावरचे बळ काही कमी नव्हते. भाकितातल्या २४ मेगापास्कलला नळीच्या आतल्या छेदावर साडेतीन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो वजनाएवढा रेटा येतो. आमचे सांधे टिकले. बर्फाचे बूचही टिकले, कारण ते लांब होते आणि भिंतीला सर्वत्र चिकटलेले होते.

चीर बाहेर का पडली, याचे उत्तर आता सरळ आहे. कोंडलेल्या पाण्यातला दाब बुचापासून झडपेपर्यंत सर्वत्र सारखा होता. तेव्हा नळी फाटणार ती सर्वात दुबळ्या जागी, आणि ती जागा बर्फापासून किती दूर आहे याला महत्त्व नाही. उलट पेटीच्या आत भिंतीला चिकटलेला घट्ट बर्फ नळीला थोडा आधारच देत असावा, असे माझे मत आहे.

किती बर्फ पुरला, तेही मोजण्यासारखे आहे. ४०० मिलिलिटर पाणी २४ मेगापास्कलपर्यंत दाबायचे तर ते १.२ टक्के, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर दबते. तांबे लवचीकपणे ताणून आणखी दीड मिलिलिटर जागा देते. साडेसहा मिलिलिटरसाठी बूच बसल्यानंतर गोठलेले ७० ग्रॅमहून थोडे अधिक पाणी पुरते. फाटण्याआधी तांबे फुगते त्यासाठी थोडे आणखी लागले असेल. या नळीच्या भाषेत ते अर्धा मीटर ते पाऊण मीटर बर्फ आहे. बूच बसण्याआधी जमलेला बर्फ या हिशोबात मोजायचाच नाही. त्याने काहीही फोडले नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. फुटताना बाहेर पडलेले पाणी काही मिलिलिटरच होते. पाणी फार दबत नाही, म्हणून थोडी गळती झाली की दाब नाहीसा होतो, आणि साठ्याची बाजू बुचाने बंद असते. घरातल्या नळीतही असेच घडते: नळी रात्री फुटते, पण पाणी वाहू लागते ते बर्फ वितळल्यावर. त्यामुळे वितळण्याच्या वेळी नळी फुटली असा समज होतो. गोठलेली नळी वितळवण्यापूर्वी मुख्य झडप बंद करावी आणि बर्फापासून नळाच्या तोटीपर्यंतचा सर्व भाग तपासावा.

१९ जानेवारी

तीच मांडणी नव्या नळीवर पुन्हा केली, पण या वेळी शेवटची झडप किंचित उघडी ठेवली, थेंब थेंब गळेल इतकीच. बूच बसले, पेटीतला भाग बहुतेक पूर्ण गोठला आणि दाब वातावरणाच्या आसपासच राहिला. नळीला कोठेही इजा नाही.

कडाक्याच्या थंडीत नळ थोडा ठिबकत ठेवावा, या सल्ल्याचे कारण बहुधा वाहते पाणी गोठत नाही असे दिले जाते. बारीक धारेने गोठणे थोडे लांबते हे खरे आहे, परंतु आज बूच बसून धार थांबल्यानंतरही नळी वाचली. वाचवले ते उघड्या वाटेने, जिच्यातून दट्ट्यासारख्या पुढे सरकणाऱ्या बर्फाने ढकललेले पाणी बाहेर पडले. म्हणून उघडा ठेवायचा नळ गोठू शकणाऱ्या भागाच्या पुढच्या बाजूचा असला पाहिजे. गरम आणि थंड पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या असतील तर दोन्हींवर हे करावे लागते.

२६ जानेवारी

शेवटचा बदल: झडप बंद, परंतु तिच्याजवळ ५० मिलिलिटर हवा असलेली उभी बंद नळी जोडली. बूच बसले तेव्हा ही हवा साठ्याच्या दाबाला, म्हणजे एकूण ०.४ मेगापास्कलला होती. पुढच्या गोठण्याने १२ मिलिलिटरच्या आसपास पाणी ढकलले गेले आणि हवा ३८ मिलिलिटरवर आली. दाब ०.५ मेगापास्कलच्या थोडा वर गेला आणि स्थिरावला. ज्या आकारमानाने तांबे फाडले असते, तेच हवेने जवळजवळ न जाणवता पोटात घेतले. बाटलीत वर रिकामी जागा ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे, पण तिथे एक अट आहे: पाण्याला त्या जागेपर्यंत पोहोचता आले पाहिजे. बाटलीच्या मानेत आधी बर्फ जमला, तर वरची हवा निरुपयोगी ठरते आणि झाकण नसलेली बाटलीसुद्धा तडकते. अरुंद मानेची बाटली उभी गोठवू नये, हे यावरून ठरते. सरळ बाजूंचे किंवा वर रुंद होत जाणारे पात्र सुरक्षित असते.

हवेच्या नळीचा दोषही लिहून ठेवला पाहिजे. दाबाखालची हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही काळाने ती नळी पाण्याने भरून जाते. मग तिचा काहीच उपयोग उरत नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. ती वापरायची असेल तर वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, मुख्य झडप बंद करून वाहिनी रिकामी करावी आणि पुन्हा भरावी, म्हणजे तिच्यात नवी हवा अडकते.